‘खताचा हिशेब समजला नाही’ असा मेसेज आला की अडलेली पायरी कशी शोधायची

मृगाच्या आधी आमच्याकडे माती परीक्षणाचे कागद फिरायला लागतात. कोरडवाहू कपाशीसाठी कागदावर ६०:३०:३० लिहिलेलं असतं, म्हणजे हेक्टरी तितके किलो नत्र, स्फुरद आणि पालाश, आणि प्रश्न एकच असतो: याच्या चुंगड्या, म्हणजे खताची पोती, किती? मी आसपासच्या शेतकऱ्यांना हा हिशेब मोबाईलवर करून देतो आणि दरवर्षी त्याच त्या ठिकाणी तोच उलट मेसेज येतो, ‘समजलं नाई जी’. हा मेसेज आला की बहुतेक जण तोच खुलासा अजून लांब करून पुन्हा पाठवतात. त्यानं काम होत नाही, कारण समोरच्याला सगळंच कळलेलं नसतं असं क्वचितच होतं. सात पायऱ्यांतली एक निसटलेली असते. ती कोणती, ते शोधायचं. तुम्ही गावात कृषीमित्र असाल, खताच्या दुकानात बसत असाल किंवा घरच्यांचा हिशेब तुमच्याकडे असेल, तर खालचा क्रम कामी येईल.

लक्षणं

‘काईच समजलं नाई’ असा सरसकट मेसेज. हा सगळ्यात घाबरवणारा दिसतो, पण सोडवायला तसा सोपा.

‘बाकी समजलं, पण शेवटचं नाई.’ इथं माणूस अडला ती जागा आणि चूक झाली ती जागा वेगळी असण्याची शक्यता जास्त. शेवटचा आकडा जुळत नाही म्हणून तो तिथं थांबतो, पण घसरलेला असतो दोन पायऱ्या आधी.

‘तुमचा आकडा चुकला का?’ हे विचारणारा माणूस पुढं गेलेला असतो. त्यानं स्वतः हिशेब करून पाहिला आहे आणि त्याचं उत्तर वेगळं आलं आहे. त्याचं उत्तर मागून घ्या, निम्मं काम तिथंच होतं.

आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे ‘बरं जी, ठीक आहे’, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात भलत्याच चुंगड्यांची मागणी. मान राखायचा म्हणून, किंवा मोठ्या माणसाला पुन्हा विचारायला लाज वाटते म्हणून, होकार येतो. म्हणून होकार आला तरी मी एक आकडा परत मागतोच.

आधी हिशेबाच्या पायऱ्या वेगळ्या करा

पायऱ्या आपल्याच डोक्यात वेगळ्या नसतील तर समोरच्याची निसटलेली पायरी सापडणार नाही. हिशेब करून सवय झाली की आपण दोन-तीन पायऱ्या एका दमात टाकतो, आणि नेमकी तीच जागा नवख्याला अडते. कोरडवाहू कपाशी, हेक्टरी ६०:३०:३०, क्षेत्र तीन एकर, खतं डीएपी, युरिया आणि म्युरेट ऑफ पोटॅश, असं धरून पूर्ण मांडतो.

पहिली पायरी, हेक्टरचं एकर. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, हिशेबाला अडीच धरलं तरी चालतं. म्हणजे एकरी २४ किलो नत्र, १२ किलो स्फुरद, १२ किलो पालाश.

दुसरी, स्फुरदावरून डीएपी. डीएपीच्या १०० किलोत ४६ किलो स्फुरद असतं. १२ किलो स्फुरदासाठी १२ भागिले ४६ गुणिले १००, म्हणजे २६ किलो डीएपी.

तिसरी, त्या डीएपीतून फुकट आलेलं नत्र. चुंगडीवर १८:४६:० लिहिलेलं असतं, त्यातले १८ म्हणजे नत्र. २६ किलो डीएपीतून पावणेपाच किलोच्या आसपास नत्र येतं.

चौथी, उरलेल्या नत्राचा युरिया. २४ मधून ४.७ गेले, उरले १९.३. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून युरिया ४२ किलो.

पाचवी, पोटॅश. त्यात पालाश ६० टक्के, १२ किलोसाठी २० किलो पोटॅश. या पायरीवर सहसा कोणी अडत नाही.

सहावी, वाटणी. कोरडवाहू कपाशीला पूर्ण स्फुरद, पूर्ण पालाश आणि अर्धं नत्र पेरणीबरोबर, उरलेलं अर्धं नत्र साधारण महिन्यानं, जमिनीत ओल असताना. अर्धं नत्र म्हणजे १२ किलो. त्यातलं ४.७ किलो डीएपीनं दिलंच, म्हणून पेरणीला युरियातून फक्त ७.३ किलो, म्हणजे १६ किलो युरिया. महिन्यानं पूर्ण १२ किलो नत्र युरियातूनच जाणार, म्हणून २६ किलो युरिया.

सातवी, क्षेत्रानं गुणणं. तीन एकराला पेरणीच्या वेळी डीएपी ७८, पोटॅश ६०, युरिया ४८ किलो आणि महिन्यानं युरिया ७८ किलो.

तुमच्या कागदावरची शिफारस वेगळी असेल, बागायती कपाशीची तर ती वेगळीच असते. आकडे कागदावरचे घ्या, पायऱ्या याच राहतात.

आता तपासण्या. पहिल्या तीन फुकटच्या आहेत, एकेका वाक्यात होतात. त्या टाळून थेट समजवायला बसलं की अर्धा तास जातो आणि शेवटी कळतं की माणसानं मेसेज उघडूनच पाहिला नव्हता.

तपासणी १: नक्की कोणाला समजलं नाही आणि त्याच्यापर्यंत काय पोचलं?

मेसेज पाठवणारा आणि वावरात खत टाकणारा हे बरेचदा एक नसतात. पोरगी मेसेज टाइप करते, ‘बाबा म्हणतात समजलं नाई’. मी पहिल्यांदा हेच विचारतो: ‘तुले समजलं का? मंग बाबाले कोणतं नाई समजलं?’ पोरीला समजलं असेल तर तिच्यामार्फतच काम होतं. तिनं तोंडी सांगताना मधली एखादी पायरी गाळली असेल तर तीही तिथंच सापडते.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज लांब झाला की खालचा भाग दडतो आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. बऱ्याच वयस्कर माणसांना ते माहीत नसतं. ते तिथवरच वाचतात आणि हिशेब अर्धवट वाटतो. म्हणून विचारा, ‘शेवटी कोणता आकडा दिसून राहिला?’ त्यांनी ७८ सांगितलं नाही, २६ किंवा ४२ सांगितलं, तर मेसेजच पूर्ण वाचला गेलेला नाही. खुलाशात काही दोष नाही. तुकडे करून पाठवा.

दशांश चिन्हाकडंही लक्ष ठेवा. छोट्या पडद्यावर, चश्म्याशिवाय, ४.७ चं ४७ होतं. एकरी ४७ किलो नत्र डीएपीतूनच आलं असं वाचलं की पुढची वजाबाकी होतच नाही, कारण हवं असतं २४. मी ‘पावणेपाच’ असंच लिहितो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द आमच्याकडं दशांशापेक्षा पक्के बसलेले आहेत.

तपासणी २: त्याचं वावर हिशेबात आहे का?

तुम्ही एक एकराचं उदाहरण दिलं आणि त्याच्याकडं तीन एकर असेल, तर शेवटचं गुणणं त्यानं करायचं हे तुम्ही गृहीत धरलेलं असतं. त्याला ते कळेलच असं नाही. शिवाय क्षेत्र कुठून घेतलं ते विचारा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. तीन एकर तिथं १.२१ असं दिसतं. ते सव्वा एकर धरून बसलेला माणूस मी पाहिला आहे, आणि त्याच्या दृष्टीनं माझे सगळे आकडे अडीच पटीनं फुगलेले होते. त्याला ‘समजलं नाही’ असं वाटणं अगदी रास्त होतं.

हे विचारायला एक वाक्य पुरतं: ‘वावर किती एकर धरलं आणि ते कुठून पायलं?’

तपासणी ३: त्याच्या हातातली चुंगडी तीच आहे का?

ही तपासणी लोक हमखास विसरतात. ‘समजलं नाही’ याचा अर्थ खूपदा ‘तुम्ही सांगता ते माझ्याकडं नाही’ असा असतो. ऐन हंगामात डीएपी मिळत नाही, दुकानदार २०:२०:०:१३ हातात देतो. मग माणूस तुमचा डीएपीचा हिशेब वाचतो, स्वतःच्या चुंगडीकडं बघतो, आणि त्याला काही जुळत नाही. पण ‘माझ्याकडं दुसरं खत आहे’ असं तो लिहीत नाही, ‘समजलं नाई’ असं लिहितो.

चुंगडीवरच्या आकड्यांचा फोटो मागवा. २०:२०:०:१३ असेल तर दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी पायरी बदलते आणि हिशेब उलट सोपा होतो. एकरी १२ किलो स्फुरदासाठी ते खत ६० किलो लागतं आणि तेवढ्यात नत्रही १२ किलो येतं, म्हणजे पेरणीचं अर्धं नत्र पूर्ण झालं. पेरणीला युरिया लागतच नाही. महिन्यानं २६ किलो युरिया आणि पेरणीबरोबर २० किलो पोटॅश, बस. शेवटचा १३ हा गंधक आहे, त्याला पालाश समजून पोटॅश गाळू नका.

चुंगडीचं वजनही इथंच विचारून घ्या. डीएपी आणि पोटॅश ५० किलोच्या चुंगडीत येतं, युरिया ४५ किलोच्या. ‘दीड चुंगडी’ हा शब्द युरियाला साडेसदुसष्ट किलो होतो आणि डीएपीला ७५. तुम्ही किलोत बोलताय आणि तो चुंगडीत ऐकतोय, अशा वेळी दोघंही बरोबर असून उत्तर जुळत नाही.

तपासणी ४: मधला आकडा मागा

इथंवर सगळं ठीक निघालं तर खरंच एखादी पायरी निसटली आहे. आता ‘कोणतं समजलं नाही?’ हा प्रश्न विचारू नका. ज्याला ते सांगता आलं असतं त्यानं आधीच सांगितलं असतं. तो गोंधळून ‘सगळंच’ म्हणतो आणि तुम्ही परत पहिल्यापासून सुरू करता.

त्याऐवजी मधल्या पायरीचं उत्तर मागा. विहिरीवरून वावरात पाणी येत नसेल तर आपण पूर्ण पाइपलाइन उकरत नाही, मधला जोड खोलतो. तिथं पाणी असेल तर अडथळा पुढं, नसेल तर मागं. इथंही तसंच. माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: ‘तीन एकराले डीएपी किती किलो धरलं?’ उत्तर ७८ आलं तर पहिली, दुसरी आणि गुणण्याची पायरी ठीक, बिघाड तिसऱ्या पायरीपासून पुढं. उत्तर वेगळं आलं तर बिघाड अलीकडं.

याहून कामाची गोष्ट म्हणजे चुकीचा आकडा स्वतःच पायरी सांगतो. तेच तेच आकडे इतक्यांदा येतात की ते ओळखीचे झाले आहेत.

डीएपी ३६ किलो आलं तर माणसानं अन्नद्रव्य आणि खत एकच धरलं आहे. त्याला वाटतं १२ किलो स्फुरद म्हणजे १२ किलो डीएपी, गुणिले तीन. दुसरी पायरी त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि तिचं कारण आपणच ‘स्फुरद १२ किलो द्या’ असं बोलतो, हे असतं. दुकानात स्फुरद मिळत नाही, डीएपी मिळतं.

डीएपी २६ आलं तर फक्त तीनानं गुणायचं राहिलं.

डीएपी १९५ आलं तर हेक्टरचं एकर केलेलं नाही. ३० किलो स्फुरद हे एकराचं धरून पुढं गेला आहे.

डीएपी २०० आलं तर थांबा. हे १९५ च्या जवळ दिसतं पण बिघाड वेगळा आहे. इथं १२ ला ४६ नं भागायच्या ऐवजी १८ नं भागलेलं असतं, कारण चुंगडीवर १८ पहिला लिहिलेला आहे. लोक आकडे पूर्णांकात सांगतात, १९५ ला ‘दोनशेच्या आसपास’ म्हणतात, त्यामुळं या दोन्हीत गफलत होते. वेगळं करायला एक प्रश्न पुरतो: ‘एकराले स्फुरद किती पकडलं?’ तीस म्हणाला तर पहिली पायरी, बारा म्हणाला तर दुसरी.

डीएपी बरोबर, पण एकूण युरिया १५६ किलो आला तर डीएपीतलं नत्र वजा केलेलं नाही. तिसरी पायरी निसटली.

एकूण युरिया १२६ बरोबर, पण पेरणीला ६३ सांगितला तर सहावी पायरी. नत्राचे दोन भाग करायच्या ऐवजी त्यानं युरियाचे दोन भाग केले.

यातला एकही आकडा आला नाही, काहीतरी भलतंच आलं, तर ‘कसं काढलं ते लिहून फोटो पाठवा’ म्हणा. वहीच्या पानावरची बेरीज-वजाबाकी बघितली की बोलायची गरज उरत नाही.

एक प्रसंग पूर्ण

दारव्ह्याच्या बाजूचे एक काका, तीन एकर कोरडवाहू कपाशी. मेसेज त्यांच्या मुलीनं केला. ‘दादा, बाबा म्हणतात काईच समजलं नाई. आकडा चुकला का म्हणतात.’

मेसेज पूर्ण वाचला होता, क्षेत्र बरोबर होतं, चुंगडी डीएपीचीच होती. म्हणून मधला आकडा मागितला. ‘ताई, तीन एकराले डीएपी किती धरलं बाबानं?’

‘७८. दीड चुंगडी न थोडं वर.’

म्हणजे अर्धा हिशेब ठीक. पुढचा प्रश्न, ‘न पेरतानी युरिया?’

‘६३.’

६३ ची दुप्पट १२६, म्हणजे एकूण युरियाही बरोबर. तिसरी, चौथी पायरी पार. बिघाड फक्त वाटणीत. दोन प्रश्नांत जागा सापडली.

पण काकांनी मेसेजमधलं ४८ आणि ७८ सोडून ६३-६३ का केलं? ते विचारलं तेव्हा खरी गोष्ट कळली. मेसेजमध्ये ७८ दोनदा होतं, एकदा डीएपीला आणि एकदा महिन्यानंतरच्या युरियाला. काकांना वाटलं, डीएपीचाच आकडा चुकून युरियाच्या ओळीत गेला. आणि ‘अर्धं अर्धं’ असं वर लिहिलेलं असताना ४८ आणि ७८ हे अर्धे कसे, म्हणून त्यांनी स्वतःच्या अकलेनं दुरुस्ती केली. त्यांच्या जागी कोणीही समजदार माणूस हेच करेल.

आकडा बरोबर होता. तीन एकराला स्फुरद ३६ किलो लागतं, आणि दुसऱ्या वेळचं नत्रही ३६ किलो. डीएपीत स्फुरद ४६ टक्के, युरियात नत्रही ४६ टक्के. म्हणून दोन्ही ठिकाणी ७८. योगायोग आहे, आणि ६०:३०:३० च्या शिफारशीत डीएपी वापरलं की तो दरवेळी येणारच, कारण अर्धं नत्र आणि पूर्ण स्फुरद सारखंच भरतं.

पायरी सापडली की ती सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. मी सांगितलं नाही, विचारत गेलो. 

‘डीएपीत नत्र रायते का?’

‘हो, १८.’

‘मंग ७८ किलो डीएपीतून पेरतानी किती गेलं?’

थोड्या वेळानं उत्तर आलं, ‘१४.’

‘पेरतानी एकूण नत्र किती पायजे?’

‘७२ चं अर्धं, ३६.’

‘मंग युरियातून?’

‘२२.’ आणि मी पुढं काही लिहायच्या आत दुसरा मेसेज: ‘म्हणजे ४८ किलो युरिया. न बाकी ७८. बाबा म्हणतात आता समजलं, अर्धं नत्र करा लागते, अर्धा युरिया नाई.’

शेवटचं वाक्य त्यांच्याकडून आलं म्हणून मला खात्री पटली. ते मी लिहिलं असतं आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं, तर मी परत एक आकडा मागितला असता.

६३-६३ टाकलं असतं तर पीक बुडालं नसतं, हेही सांगायला हवं. पण पेरणीला सात किलो नत्र जास्त पडलं असतं. तेव्हा रोप इवलंसं असतं, तेवढं घेत नाही, आणि जोराचा पाऊस झाला की ते वाहून जातं. बोंडं धरायच्या आधी हवं तेव्हा तेवढंच कमी पडलं असतं.

पायरी सापडल्यावर दुरुस्ती

फक्त तीच पायरी बोला. बाकीच्या बरोबर पायऱ्या पुन्हा सांगितल्या की माणसाला वाटतं तिथंही काही चुकलं आहे, आणि जे पक्कं होतं तेही डगमगतं.

त्याच्या शब्दांत सांगा. ज्यानं अन्नद्रव्य आणि खत एकच धरलं, त्याला टक्केवारी सांगण्यापेक्षा मी ‘५० किलोच्या डीएपीच्या चुंगडीत २३ किलो स्फुरद न ९ किलो नत्र’ असं सांगतो. युरियाच्या ४५ किलोच्या चुंगडीत नत्र २० किलो सातशे ग्रॅम. चुंगडी उचललेल्या माणसाला हे लगेच बसतं, १८:४६ बसत नाही.

मग वेगळ्या आकड्यावर करून घ्या. ‘तुमच्या भावाचं दोन एकर असल तर पेरतानी डीएपी आणि युरिया किती?’ ५२ आणि ३२ आलं की काम झालं. तेच तीन एकर पुन्हा विचारलं तर तो मेसेजमधला आकडा वाचून सांगेल, त्यावरून काही कळत नाही.

तपासणी ५: लिहिणं सोडा, फोन करा, मग भेटा

एकच पायरी दोन वेगळ्या तऱ्हेनं सांगितली आणि आकडा तोच चुकीचा येत राहिला, तर लिहिणं थांबवा. फोनवर आवाजावरून कळतं की माणूस कुठं थबकतो. ‘डीएपीत नत्र…’ म्हटल्यावर तो ‘हो हो’ म्हणतो की गप्प होतो, हे मेसेजमध्ये दिसत नाही. काही जणांना वाचायला जड जातं आणि ते कोणापुढं बोलून दाखवायचं नसतं. त्यांच्या बाबतीत फोनच पहिला उपाय समजा, आणि कारण विचारू नका.

फोननंही जमलं नाही तर चुंगडीपाशी भेटा. तिथं हिशेब कागदावर करत बसू नका. एका घमेल्यात किती किलो खत बसतं ते दुकानच्या काट्यावर एकदा मोजून घ्या, आणि पेरणीला किती घमेली, महिन्यानं किती घमेली, एवढंच ठरवा. या माणसाला पुढच्या वर्षी हिशेब यावा हा आग्रह आज सोडून द्यायचा. पेरणी परवावर आलेली असते.

कुठं थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

वरचं सगळं खताच्या हिशेबापुरतं आहे. काही वेळा ‘समजलं नाही’ याचं कारण खुलाशात नसतं, प्रश्नच आपल्या आवाक्याबाहेरचा असतो. तिथं अडलेली पायरी शोधत बसू नका.

वावर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं असेल, किंवा मातीच्या कागदावर क्षारता आणि सामू जास्त दाखवला असेल, तर नुसत्या ६०:३०:३० च्या हिशेबावर सल्ला देऊ नका. दोन कागदांवर एकाच वावरासाठी वेगवेगळी शिफारस आली असेल तरी तेच. तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ यांच्याकडं पाठवा. उभं पीक पिवळं किंवा लाल पडत आहे आणि माणूस खताचा हिशेब विचारतो आहे, अशा वेळी तर हिशेब बाजूला ठेवून आधी पीक दाखवायला सांगा. तालुका कृषी कार्यालयातून माणूस येऊ शकतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

फवारणीच्या औषधाचं प्रमाण मेसेजवर अजिबात समजावू नका. खतात एखादी पायरी निसटली तर पैसा वाया जातो, औषधात माणूस जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. डब्यावरच्या पत्रकात जे लिहिलं आहे तेच, आणि दोन औषधं एकत्र करायचा प्रश्न आला तर तज्ज्ञच. फवारणीनंतर मळमळ, डोळ्यांत आग, घाम, अंधारी असं कोणी सांगितलं तर १०८ ला फोन, अंगावरचे कपडे बदलून साबणानं अंग धुणं, आणि औषधाचा डबा किंवा त्याचं पत्रक दवाखान्यात सोबत.

तज्ज्ञाकडं पाठवताना माणसाला मोकळ्या हातानं पाठवू नका. मातीचा कागद, क्षेत्र एकरात, चुंगडीवरच्या आकड्यांचा फोटो, आणि तुम्ही शोधून काढलेली पायरी एका ओळीत लिहून द्या: ‘डीएपीपर्यंत बरोबर, पेरणीच्या युरियात अडतात.’ ही ओळ नसली की तिकडंही हेक्टरच्या एकरापासून सुरुवात होते.